स्क्रीनशॉटमधल्या रेघांवरून अक्षरं आणि मात्रा कशा उतरवायच्या

भाचीनं रात्री व्हॉट्सॲपवर पाश्चात्त्य नोटेशनच्या पानाचा एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी, याचं ए-बी-सी करून दे ना. आणि कुठली पट्टी किती वेळ दाबून धरायची तेही लिही." तिच्या कीबोर्डवर अक्षरांचे स्टिकर लावलेले आहेत, त्यामुळे अक्षर कळलं की बोट कुठे ठेवायचं ते तिला कळतं. अडतं ते पाच रेघांपाशी.

फोटोत चार बार, म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेले चार खण, होते. काळे टिपके, त्यांच्या दांड्या, वर बारीक आकडे, सगळं होतं. फक्त डावीकडचा दोन बोटांएवढा भाग तिनं कापला होता. तिच्या दृष्टीनं तिथे "नुसती नक्षी" होती. मी उत्तर पाठवलं, "आधी ती नक्षी पाठव."

तो कापलेला भाग म्हणजे निम्मं उत्तर असतं. एकच टिपका, त्याच रेघेवर बसलेला, डावीकडे काय छापलंय त्यावरून डी असू शकतो, एफ असू शकतो किंवा एफ शार्प असू शकतो. म्हणून अक्षरं उतरवायला बसताना टिपक्यांपासून सुरुवात करायची नाही.

उदाहरणाला तिचीच धून घेते: बेथोवेनच्या नवव्या सिंफनीच्या चौथ्या भागातली 'ओड टू जॉय'. ही सिंफनी 1824 साली व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. आज कीबोर्डच्या जवळपास प्रत्येक पहिल्या पुस्तकात ही धून असते. मूळ डी मेजरमध्ये आहे, आणि नवशिक्याला अडकवणारी बहुतेक ठिकाणं पहिल्या बारा-तेरा बारांत येऊन जातात.

आधी फोटो नीट घ्या

पीडीएफ असेल तर आधी पान मोठं करा आणि मग स्क्रीनशॉट घ्या. लहान पानाचा शॉट घेऊन तो नंतर बोटांनी ताणला तर फक्त धूसरपणा मोठा होतो. एका वेळी चारच बार घ्या, दोन रेघांमधलं अंतर पडद्यावर निदान तीन-चार मिलिमीटर दिसू द्या. चार बार घेताना ओळीची डावी कड सुटत असेल तर तिचा वेगळा शॉट घ्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबला जातो, आणि त्यात सगळ्यात आधी बळी जातो तो नोटेशेजारच्या बारीक ठिपक्याचा. तो ठिपका गेला तर मात्रा चुकतात. म्हणून फोटो एचडीमध्ये किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आणखी एक गोष्ट. क्लेफ, म्हणजे कुठल्या रेघेवर कुठलं अक्षर ते ठरवणारं चिन्ह, आणि सूर अर्ध्या पायरीनं चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या शार्प-फ्लॅटच्या खुणा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पुन्हा छापतात, पण एकावर एक लिहिलेले दोन आकडे, म्हणजे टाइम सिग्नेचर, फक्त पहिल्या ओळीला असतं. स्क्रीनशॉट तिसऱ्या ओळीचा असेल तर तिथे ते दिसणारच नाही. पहिल्या ओळीची डावी कड जवळ असलीच पाहिजे.

डाव्या कडेला तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न, क्लेफ कुठला? वेलांटीसारखं उंच, गोल वळण घेतलेलं चिन्ह असेल तर ते ट्रेबल क्लेफ. त्याचं पोटातलं वेटोळं खालून दुसऱ्या रेघेला वळसा घालतं, आणि ती रेघ जी. कानाच्या पाळीसारखा आकार आणि शेजारी दोन ठिपके असतील तर ते बेस क्लेफ. ते दोन ठिपके ज्या रेघेच्या वर-खाली बसतात ती, म्हणजे खालून चौथी रेघ, एफ. रेघा नेहमी खालून मोजायच्या, इमारतीचे मजले मोजतो तशा.

दुसरा प्रश्न, क्लेफनंतर शार्प किंवा फ्लॅट किती? आपल्या फोटोत दोन शार्प आहेत. एक सगळ्यात वरच्या रेघेवर, म्हणजे एफच्या जागी, दुसरा खालून तिसऱ्या फटीत, म्हणजे सीच्या जागी. अर्थ असा की या पानावर जिथे एफ दिसेल तिथे एफ शार्प आणि जिथे सी दिसेल तिथे सी शार्प वाजवायचा. शार्पची खूण वरच्या एफवर छापली असली तरी खालच्या एफलाही ती लागू असते. "खूण तर वरच्याला आहे, मग खालचा साधा ना?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता प्रश्न पूर्ण होण्याआधीच मान हलवते.

तिसरा प्रश्न, आकडे कुठले? आपल्याकडे चारावर चार आहे. वरचा चार सांगतो की एका बारमध्ये चार मात्रा. खालचा चार सांगतो की दांडीवाला भरीव काळा टिपका म्हणजे एक मात्रा. कधी आकड्यांऐवजी इंग्रजी सीसारखी खूण असते, तिचा अर्थही चारावर चार. पण त्या खुणेतून उभी रेघ गेली असेल तर ते दोनावर दोन, आणि सहावर आठ असेल तर बार आठव्या हिश्शांत मोजला जातो. खालचं गणित जसंच्या तसं तिथे लावू नका.

अक्षरं: एका खुंटीपासून मोजत जा

रेघांची अक्षरं लक्षात ठेवायला इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतात. मला ती पद्धत कधीच भावली नाही, कारण मुलं वाक्य पाठ करतात आणि ते रेघांचं होतं की फटींचं तेच विसरतात. त्यापेक्षा एक खुंटी पक्की करा: दुसरी रेघ, जी. तिथून वर जाताना रेघ, फट, रेघ, फट अशी एकेक पायरी, आणि प्रत्येक पायरीला पुढचं अक्षर. जीनंतर पुन्हा ए येतो, एच नाही. खाली येताना अक्षरं उलटी.

आता पहिला बार. पहिला टिपका खालून पहिल्या फटीत आहे. खुंटीपासून एक पायरी खाली, म्हणजे एफ. दुसरा तिथेच, पुन्हा एफ. तिसरा थेट खुंटीवर, जी. चौथा त्याच्या वरच्या फटीत, ए. दुसऱ्या बारमध्ये हाच जिना उतरायचा: ए, जी, एफ, आणि शेवटचा टिपका पहिल्या रेघेवर, म्हणजे ई. तिसऱ्या बारमध्ये पहिल्या रेघेच्या खाली लोंबणारा टिपका आहे, तो डी. डी, डी, ई, एफ.

टिपका रेघेवर आहे की फटीत, हे ठरवताना त्याची दांडी पाहू नका. दांडी वर आहे की खाली याचा सुराशी संबंध नाही, ती पान नीट दिसावं म्हणून फिरवलेली असते. फक्त डोकं पाहायचं. रेघ डोक्याच्या मधून गेली तर ती नोट रेघेवरची, डोकं दोन रेघांच्या मध्ये अडकलं असेल तर फटीतली.

मी अक्षरं दोन फेऱ्यांत लिहिते. पहिल्या फेरीत शार्प विसरून नुसती अक्षरं लिहायची. दुसऱ्या फेरीत लाल पेन घेऊन प्रत्येक एफ आणि प्रत्येक सी शोधायचा आणि शेजारी शार्प काढायचा. दोन्ही कामं एकदम करायला गेलं की हमखास एक-दोन एफ कोरडे राहतात. आपल्या पहिल्या चार बारांत सी नाही, एफ मात्र पाच आहेत.

शार्प कधी कधी एखाद्या नोटेच्या डाव्या बाजूला वेगळाही छापलेला असतो. तो फक्त त्या बारपुरता, त्याच जागेवरच्या नोटांना लागू होतो आणि बारची उभी रेघ ओलांडली की संपतो.

लांबी: डोकं, दांडी, शेपटी, ठिपका

अक्षर जागेवरून कळतं, लांबी आकारावरून. पोकळ डोकं, दांडी नाही: चार मात्रा. पोकळ डोकं, दांडी आहे: दोन. भरीव डोकं आणि दांडी: एक. भरीव डोकं, दांडी आणि तिला एक शेपटी: अर्धी. अशा दोन अर्ध्या शेजारी आल्या की शेपट्यांऐवजी त्यांच्या दांड्या एका जाड आडव्या पट्टीनं जोडतात, लांबी तीच.

नावांचा घोळ इथेच मिटवून टाकू. आपल्याकडे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या परीक्षांना बसणारी मुलं एका मात्रेच्या नोटेला क्रोचेट म्हणतात, दोन मात्रांच्या नोटेला मिनिम, अर्ध्या मात्रेच्या नोटेला क्वेव्हर. अमेरिकी व्हिडिओंमध्ये त्याच नोटा क्वार्टर, हाफ आणि एथ होतात. वस्तू एकच आहे. नवशिक्याला लिहून देताना मी दोन्ही नावं टाळते आणि सरळ मात्रांचा आकडा लिहिते.

आता चौथा बार, कारण पहिल्या तीन बारांत सगळ्या एकेक मात्रेच्या नोटा आहेत आणि तिथे काही घडत नाही. चौथ्यात तीनच नोटा आहेत. पहिली पहिल्या फटीत, म्हणजे एफ शार्प, भरीव, आणि तिच्या उजवीकडे एक बारीक ठिपका. हा ठिपका नोटेची लांबी निम्म्यानं वाढवतो: एक अधिक अर्धी, दीड मात्रा. दुसरी नोट पहिल्या रेघेवर, ई, शेपटीवाली, अर्धी मात्रा. तिसरी पुन्हा ई, पोकळ डोक्याची, दोन मात्रा. दीड, अर्धी आणि दोन, मिळून चार.

```
F#  F#  G   A   | A   G   F#  E
1   1   1   1   | 1   1   1   1

D   D   E   F#  | F#  E   E
1   1   1   1   | 1½  ½   2
```

भाचीला पाठवलेला कागद हा असा होता. वरच्या ओळीत अक्षर, खाली मात्रा, बारची उभी रेघ तशीच ठेवलेली. ती रेघ गाळू नका, पुढची तपासणी तिच्यावरच उभी आहे.

दीड मात्रा तोंडानं मोजायला "एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि, चार-आणि" म्हणा. एफ शार्प "एक"वर दाबायचा आणि "दोन" म्हणेपर्यंत धरायचा. दोनच्या पाठोपाठ जो "आणि" येतो त्यावर छोटा ई. मोठा ई "तीन"वर दाबून बार संपेपर्यंत धरायचा.

ठिपक्याची जागाही पाहा. उजवीकडचा ठिपका लांबी वाढवतो. डोक्याच्या वर किंवा खाली असलेला ठिपका स्टॅकाटोचा, म्हणजे नोट तुटक वाजवा. दोन्ही दिसायला सारखेच. शिवाय नोट रेघेवर असेल तर लांबीचा ठिपका रेघेत हरवू नये म्हणून वरच्या फटीत सरकवतात. आठव्या बारमध्ये ई, डी, डी अशा नोटा आहेत, आणि पहिल्या ईचा ठिपका एफच्या फटीत छापलेला असतो. तो दुसऱ्याच नोटेचा वाटून सोडून देऊ नका.

विश्रामाच्या खुणाही मात्रा खातात. त्यांना अक्षर नसतं, पण कागदावर रेघ मारून खाली आकडा लिहा. चौथ्या रेघेखाली लटकलेला आडवा ठोकळा म्हणजे पूर्ण बारचा विश्राम, तिसऱ्या रेघेवर बसलेला ठोकळा म्हणजे दोन मात्रांचा.

वरचे बारीक आकडे

भाचीनं स्वतः आधी एक प्रयत्न केला होता. तिच्या वहीत लिहिलं होतं: एफ तीन, एफ तीन, जी चार, ए पाच. मला क्षणभर कळेना हे आलं कुठून. मग लक्षात आलं, नोटांच्या वर बोटांचे आकडे छापलेले होते आणि तिनं ते मात्रा समजून उतरवले होते. अंगठा म्हणजे एक आणि करंगळी म्हणजे पाच. उजव्या हाताचा अंगठा डीवर ठेवला की एफ शार्पवर तिसरं बोट येतं, जीवर चौथं, एवर पाचवं. तीन, तीन, चार आणि पाच मिळून पंधरा होतात, आणि बारमध्ये जागा चारच मात्रांची. बेरीज केली असती तर तिथेच कळलं असतं.

बेरीज करा, मग ऐका

प्रत्येक बारच्या मात्रांची बेरीज करा. चारावर चारमध्ये ती चारच आली पाहिजे. कमी-जास्त किती आली, यावरून चूक कुठे आहे तेही कळतं. चौथ्या बारची बेरीज साडेतीन आली तर तुमचा ठिपका सुटलाय. साडेचार आली तर छोट्या ईची शेपटी दिसली नाही आणि तुम्ही तिला पूर्ण मात्रा दिली. दहाव्या बारमध्ये ई, मग जाड पट्टीनं जोडलेले एफ शार्प आणि जी, मग एफ शार्प आणि डी असं येतं. बेरीज पाच आली तर ती जोडपट्टी पाहायची राहिली.

अपवाद एक. काही गाणी अर्ध्या बारनं सुरू होतात, तिथे पहिला तुकडा अपुराच असतो. उरलेल्या मात्रा बहुधा गाण्याच्या अगदी शेवटच्या बारमधून कमी केलेल्या असतात.

बेरजेनं मात्रांची चूक पकडली जाते, अक्षरांची नाही. त्यासाठी कान. आपल्याला इथे एक फायदा आहे. डीला सा धरा, हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पांढरी दोन. मग पहिले चार बार असे येतात: ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. सगळे शुद्ध स्वर. एफचा शार्प विसरलात तर काळी तीनच्या जागी शेजारची पांढरी दाबली जाते आणि ग कोमल लागतो. आनंदाची धून एकदम उदास वाटायला लागते. तसं वाटलं की थेट डाव्या कडेचे शार्प पुन्हा मोजा.

कीबोर्ड जवळ नसेल तर एबीसी नोटेशन वाजवून दाखवणाऱ्या कुठल्याही वेबपेजवर हे चिकटवा:

```
X:1
M:4/4
L:1/4
K:D
F F G A | A G F E | D D E F | F3/2 E/2 E2 |
```

इथे `K:D` लिहिल्यामुळे प्रत्येक एफ आपोआप शार्प होतो, म्हणून शार्प वेगळा लिहायचा नाही. `L:1/4` म्हणजे आकडा नसलेली नोट एका मात्रेची. `K:D`च्या जागी `K:C` करून एकदा ऐका. शार्प विसरल्यावर काय होतं ते एका फटक्यात कळेल.

मूळ स्कोअर हाती आला तर

बाराव्या बारपाशी मूळ स्कोअर आणि सोपी पुस्तकं वेगळी होतात. सोप्या पुस्तकात डी, ई, आणि मग खालचा ए दोन मात्रा, बार संपला. हा ए ओळखायला पाच रेघांच्या खाली काढलेल्या छोट्या रेघा मोजाव्या लागतात. पहिल्या छोट्या रेघेवर सी, तिच्या खाली लोंबणारा बी, दुसऱ्या छोट्या रेघेवर ए. धूसर फोटोत या दोन रेघांची एकच दिसते आणि एचा सी होतो. कागदावर मी खालच्या एपुढे स्वल्पविराम देते, म्हणजे नेहमीच्या एपासून तो वेगळा कळतो.

बेथोवेननं मात्र तो ए एकाच मात्रेचा ठेवलाय. चौथ्या मात्रेवर एफ शार्प आधीच येतो आणि वक्र रेघेनं तेराव्या बारच्या पहिल्या एफ शार्पला बांधलेला असतो.

```
D   E   A,  F#~ | ~F#  F#  G   A
1   1   1   1   |  1   1   1   1
```

एकाच सुराच्या दोन शेजारच्या नोटांना जोडणारी वक्र रेघ म्हणजे टाय. पट्टी एकदाच दाबायची आणि दोन्हींच्या मात्रा मिळून धरायची, इथे दोन. वक्र रेघ वेगवेगळ्या सुरांवरून गेली असेल तर तो स्लर, म्हणजे सलग वाजवा, मात्रा बदलत नाहीत. टाय लिहिताना दोन्ही बारांत आकडे वेगवेगळे ठेवा. एकत्र करून "दोन" लिहिलं की एका बारची बेरीज पाच होते आणि दुसऱ्याची तीन.

दुसरा सापळा क्लेफचा. सिंफनीत ही धून सर्वात आधी चेलो आणि डबल बेस वाजवतात, आणि तिथे बेस क्लेफ आहे. पहिली नोट चौथ्या रेघेवर दिसते, म्हणजे एफच्या रेघेवर, शार्पसह. डावी कड कापलेला स्क्रीनशॉट घेऊन कुणी ट्रेबल समजून वाचलं तर चौथी रेघ डी होते, आणि डी, डी, ई, एफ असं काहीतरी तयार होतं. मात्रांची बेरीज बरोबर येते, चढ-उतारही ओळखीचा वाटतो, पण धून लागत नाही.

आणि मैत्रिणीच्या वहीत हीच धून ई, ई, एफ, जी अशी लिहिलेली असेल तर ती चूक नाही. तिचं पुस्तक सी मेजरमधलं आहे, डावीकडे एकही शार्प नाही, पहिली नोट पहिल्या रेघेवर. सरगम तीच राहते, फक्त सा पांढरी एकवर गेला. दोन वह्या मिसळून मात्र वाजवू नका.

भाचीनं दुसऱ्या दिवशी व्हॉइस नोट पाठवली. तीन बार सुरेख वाजवले होते. चौथ्यात दीड मात्रेच्या जागी एकच धरली होती आणि छोटा ई घाईघाईनं आला होता. मी लिहिलं, "दोनच्या पुढच्या 'आणि'वर." पाच मिनिटांनी नवीन व्हॉइस नोट आली, त्यात मागे ती मोठ्यानं "दोन-आणि" ओरडत होती.